थर्मास आधी टेबलावर

वॉर्डातल्या रुग्णांच्या घरच्यांना,

दुपारी चारला भेटीची वेळ सुरू होते आणि तुम्ही जिना चढून येता, तेव्हा मी टेबलापाशी बसून तुम्हाला पाहत असते. हातात पिशवी, पिशवीत डबा, आणि डब्याला टेकून बहुतेक वेळा एक थर्मास नाहीतर घट्ट बुचाची बाटली. डबा तुम्ही सगळ्यांसमोर कॉटवर उघडता. थर्मास मात्र उशीमागे जातो किंवा लॉकरच्या खालच्या कप्प्यात, टॉवेलखाली. सिस्टर पलीकडच्या कॉटकडे वळल्या की पेला भरला जातो आणि तोंड पुसून घेतलं जातं.

हे पत्र त्या थर्मासाबद्दल आहे. आणू नका असं मी लिहीत नाहीये. आणलात की कॉटकडे नेण्याआधी मला दाखवा, एवढंच सांगायचं आहे. ते का, हे नीट सांगितल्याशिवाय तुम्ही दाखवणार नाही हे मला इतक्या वर्षांत कळून चुकलं आहे. म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी आमच्याकडे अडुसष्ट वर्षांचे एक गृहस्थ दाखल झाले. ओळख पटू नये म्हणून त्यांच्याबद्दलच्या एक-दोन गोष्टी बदलते, औषधाची गोष्ट मात्र जशीच्या तशी सांगते. हृदय थकलेलं, त्याचे ठोके अनियमित, पायांवर गुडघ्यापर्यंत सूज, आडवं झालं की दम लागायचा आणि रात्री खोकला. अशा रुग्णाला आम्ही दोन मुख्य औषधं देतो. एक लघवी होण्याचं इंजेक्शन, म्हणजे फ्युरोसेमाइड; त्यानं अंगात साचलेलं पाणी निघतं. दुसरी डिगॉक्सिनची गोळी; तिनं हृदयाचा वेग आवरतो. दिवसभरात पाणी, चहा, डाळीचं पाणी सगळं मिळून दीड लिटरच द्यायचं, असं डॉक्टरांनी कॉटच्या कागदावर लिहिलं होतं.

दाखल झाले तेव्हा त्यांच्या रक्तातलं पोटॅशियम ३.५ होतं. खालची मर्यादाच तेवढी, म्हणजे काठावर. रक्तदाब १५६ वर ९४. लघवीचं एकही औषध घरी सुरू नसताना पोटॅशियम काठावर का, हे आम्हाला त्याच दिवशी खटकायला हवं होतं. खटकलं नाही. त्या रात्री वॉर्ड भरलेला होता, पण ते कारण म्हणून सांगत नाही. चूक आमची होती.

इंजेक्शन सुरू झाल्यावर दोन दिवस वजन उतरलं, मग थांबलं. लघवी होत होती, तरी घोट्यावर बोट दाबलं की खड्डा तसाच राहायचा. रक्तदाब उतरायचा तो चढत गेला. चौथ्या दिवशी पोटॅशियम ३.१. या इंजेक्शनानं पोटॅशियम थोडं उतरतंच, त्यामुळे कोणी दचकलं नाही. पोटॅशियमचं सिरप सुरू केलं. सूज हटत नाही म्हणून डॉक्टरांनी इंजेक्शनाचा डोस वाढवला. त्यांच्यासमोर जो कागद होता त्यावरून पाहता निर्णय बरोबर होता. सहाव्या दिवशी सिरप चालू असूनही पोटॅशियम २.७ वर आलं.

त्याच सकाळी त्यांनी नाश्ता परत केला. आधीपासूनच मळमळतंय म्हणाले, अन्नाचा वास नको झालाय म्हणाले. डिगॉक्सिन देण्याआधी आम्ही छातीवर स्टेथोस्कोप ठेवून पूर्ण एक मिनिट ठोके मोजतो, आणि साठाच्या खाली असले तर गोळी हातातच ठेवून डॉक्टरांना कळवतो. त्या दिवशी ठोके बावन्न भरले. माझ्या पोटात गोळा आला तो मात्र वेगळ्याच गोष्टीनं. सहा दिवस ज्यांचे ठोके आडवेतिडवे पडत होते, त्यांचे ठोके आता घड्याळासारखे एकसारखे पडत होते. नवख्या माणसाला वाटेल, चला, हृदय ताळ्यावर आलं. अनियमित ठोक्यांचा रुग्ण डिगॉक्सिनवर असताना ठोके एकाएकी संथ आणि एकसारखे झाले, तर ते सुधारल्याचं लक्षण नसतं. गोळी अंगावर आल्याचं असतं. ईसीजीनं तेच सांगितलं.

गोळीचा डोस तर वयाला आणि किडनीला साजेसा, कमीच होता. मग ती अंगावर का आली? पोटॅशियम उतरल्यामुळे. डिगॉक्सिन हृदयाच्या पेशीवर जिथे चिकटतं, त्याच जागेसाठी पोटॅशियमही धडपडत असतं. पोटॅशियम कमी पडलं की ती जागा डिगॉक्सिनला मोकळी मिळते, आणि काल जी गोळी मापात होती तीच आज जास्त होते. इथपर्यंत सगळ्यांना कळत होतं. कळत नव्हतं ते एवढंच, की सिरप देऊनही पोटॅशियम जातंय कुठे, आणि इंजेक्शन वाढवूनही सूज आणि रक्तदाब चढतायत कशामुळे.

उत्तर लॉकरवरच्या स्टीलच्या पेल्यात होतं. तळाशी पिवळट तपकिरी गाळ साचला होता. संध्याकाळी त्यांची सून आली तेव्हा मी तिला बाजूला घेतलं आणि रागावणार नाही असं आधीच कबूल केलं. ती म्हणाली, "सिस्टर, घरचाच काढा आहे हो. मामंजींचा खोकला जात नाही म्हणून. त्यात वाईट काहीच नाही." काय काय घालता, असं विचारल्यावर तिनं यादी सांगितली: अडुळसा, तुळस, सुंठ, मिरी, गूळ आणि मूठभर ज्येष्ठमध. चार पेले पाणी आटवून एक पेला करायचा. घरी तीन आठवडे रोज एक कप दिला होता. दवाखान्यात आल्यावर काळजीपोटी दोन पेले झाले. मामंजी जेवेनासे झाले तेव्हा अंगात त्राण राहावं म्हणून तीन.

त्या यादीत नजर अडुळशावर किंवा मिरीवर थांबण्याचं कारण नव्हतं. ज्येष्ठमधावर थांबायला हवी होती.

ज्येष्ठमधाचं मूळ चघळलं की जो गोडवा लागतो तो साखरेचा नसतो. तो ग्लिसिरायझिन नावाच्या द्रव्याचा असतो, आणि हे द्रव्य साखरेच्या कितीतरी पट गोड असतं. आतड्यातले जिवाणू त्याचं रूप बदलतात आणि मग ते रक्तातून मूत्रपिंडात पोचतं. तिथे काय होतं ते समजून घ्यायला एक कुलूप डोळ्यांसमोर आणा. अंगात मीठ आणि पाणी धरून ठेव आणि पोटॅशियम बाहेर टाक, असा हुकूम मूत्रपिंडाला द्यायचं काम ॲल्डोस्टेरॉन नावाच्या स्रावाचं. त्याची किल्ली त्या कुलपाला बसते. अडचण अशी की कॉर्टिसोल नावाच्या दुसऱ्याच एका स्रावाची किल्लीही त्याच कुलपाला बसते, आणि कॉर्टिसोल रक्तात ॲल्डोस्टेरॉनपेक्षा फार जास्त असतं. ते कुलपाशी पोचू नये म्हणून मूत्रपिंडात एक पहारेकरी ठेवलेला आहे. एक विकर, जे कॉर्टिसोलला तिथल्या तिथे निकामी करतं. ज्येष्ठमध या पहारेकऱ्याला झोपवतं. मग कॉर्टिसोल कुलूप उघडत राहतं: मीठ आणि पाणी आत साचतं, रक्तदाब चढतो, घोटे सुजतात आणि पोटॅशियम लघवीवाटे निघून जातं.

आता त्या सहा दिवसांकडे पुन्हा पाहा. इंजेक्शन पाणी बाहेर काढत होतं, काढा ते आत धरत होता. पोटॅशियम मात्र दोघंही बाहेर टाकत होते. सूज उतरेना म्हणून आम्ही इंजेक्शन वाढवलं आणि पोटॅशियम आणखी घालवलं. पोटॅशियम गेलं म्हणून डिगॉक्सिन अंगावर आलं. डिगॉक्सिन अंगावर आलं म्हणून मळमळ सुरू झाली. मळमळ पाहून सुनेनं काढा वाढवला. त्या घरात कोणी निष्काळजी नव्हतं. आमचे डॉक्टरही नव्हते. दोन्ही बाजूंनी माणसं जिवाचं रान करत होती, आणि त्यांच्यामध्ये एक पेला होता ज्याची नोंद कुठल्याच कागदावर नव्हती.

माझं म्हणणं इथे आहे. लपवलेला काढा पोटात गेला एवढ्यावर थांबत नाही. त्याचा परिणाम आमच्या कागदावर आजाराच्या नावानं लिहिला जातो, आणि त्या खोट्या नोंदीवर पुढचं औषध ठरतं. घरी हाच काढा प्यालात तर त्रास झालाच तर काढ्याचा होईल. इथे त्याला उत्तर म्हणून आम्ही आणखी एक औषध देतो, आणि ते उत्तर चुकीच्या प्रश्नाचं असतं.

तुमच्याकडून मी एक वाक्य रोज ऐकते: झाडपाल्याचं आहे, त्याला साइड इफेक्ट नसतो. हे खरं मानायचं तर काढ्याला गुणही नसतो असं मानावं लागेल. खोकला मोडण्याइतकं बळ ज्याच्यात आहे, त्याला अंगात कुठेतरी हात घालावा लागतो, आणि हात घातल्यावर तो फक्त खोकल्यालाच लागेल असं कोणी ठरवून दिलेलं नाही. याची उलटी चूक आमच्या बाजूनं होते. पुष्कळ डॉक्टर म्हणतात, त्या काढ्यात काही दम नसतो, पिऊ दे. म्हणजे विचारायचंच नाही. तुम्ही त्याला निरुपद्रवी समजता आणि आम्ही निरुपयोगी, आणि दोन्ही समजुतींचा शेवट एकच: पेल्याची नोंद होत नाही.

ज्या डिगॉक्सिनमुळे हे सगळं झालं त्याचीच जन्मकथा सांगते, कारण ती ऐकल्यावर झाडपाला आणि गोळी यांच्यामधली भिंत आपण समजतो तेवढी उंच नाही हे दिसतं. इंग्लंडमध्ये १७७५ साली विल्यम विदरिंग नावाच्या डॉक्टरला सर्वांग सुजण्यावरच्या एका घरगुती काढ्याबद्दल मत विचारलं गेलं. श्रॉपशायरमधल्या एका म्हाताऱ्या बाईनं तो वर्षानुवर्षं गुप्त ठेवला होता. डॉक्टरांनी हात टेकलेले रुग्ण कधीकधी त्यानं बरे व्हायचे. काढ्यात वीसेक वनस्पती होत्या. विदरिंगला झाडांची चांगली जाण होती. प्यालेल्यांना होणाऱ्या जोराच्या उलट्या आणि जुलाब त्यानं विचारात घेतले आणि ओळखलं, की खरं काम यातली एकच वनस्पती करते आहे: फॉक्सग्लव्ह, म्हणजे डिजिटॅलिस. पुढची दहा वर्षं त्यानं रुग्णांवर तिची मात्रा बसवली आणि १७८५ साली सगळं पुस्तकात मांडलं. ज्यांना गुण आला नाही त्यांच्याही नोंदी त्यात घेतल्या. मात्रा जास्त झाली तर मळमळ होते, नाडी मंदावते, वस्तू हिरव्या-पिवळ्या दिसू लागतात, हेही त्यानं तेव्हाच लिहून ठेवलं. डिगॉक्सिन त्याच कुळातल्या झाडापासून १९३० साली वेगळं काढलं गेलं. आपल्याकडच्या कुंपणावरच्या पिवळ्या कण्हेरीच्या बियांतही हृदयावर याच तऱ्हेनं चालणारं विष असतं, म्हणून तर लहान मुलांना तिच्याजवळ खेळू देत नाहीत.

त्या बाईचा काढा टाकाऊ नव्हता. त्यात माणूस वाचवण्याचं बळ होतं आणि मारण्याचंही. तो एका जाणत्या माणसासमोर आला, त्यात काय आहे ते उलगडलं गेलं, मात्रा बसली, तेव्हा त्याचं औषध झालं. मी तुमच्याकडे मागते आहे ते एवढंच.

आयुर्वेदाच्या नावानं माझ्याशी वाद घालणाऱ्यांनाही मी हेच सांगते. योग्य योजना केली तर विषही औषध होतं आणि चुकीची केली तर औषधही विष होतं, हे चरकसंहितेतच सांगितलेलं आहे. चांगला वैद्य रुग्ण पाहिल्याशिवाय मात्रा सांगत नाही. वय, बळ, अग्नी, ऋतू आणि अनुपान विचारतो. मूठभर ज्येष्ठमध तीन पेले, हे कुठल्याही वैद्यानं सांगितलेलं नव्हतं. ते शेजारच्या घरातून आलं होतं, आणि शेजारच्या घरात ज्यांना गुण आला त्यांचं हृदय धडधाकट होतं.

दोष आमच्याही पदरात आहे आणि तो लिहिल्याशिवाय हे पत्र प्रामाणिक होणार नाही. तुम्ही थर्मास लपवता, कारण कधीतरी आमच्यापैकी कोणीतरी तो सगळ्या वॉर्डासमोर बेसिनमध्ये ओतला आहे. मीही ओतला आहे. नोकरीच्या सुरुवातीला एका आजीच्या हातातला पेला काढून घेतला होता आणि तिच्या मुलाला अडाणी म्हटलं होतं. त्या दिवसानंतर त्या कॉटवर पेला दिसला नाही, आणि मला वाटलं, काम झालं. काढा बंद झाला नव्हता. तो मला दिसायचा बंद झाला होता. दाखल करतानाच्या कागदावर आम्ही साखर, बीपी, ॲलर्जी, दारू, तंबाखू सगळं विचारतो. काढा, रस, चूर्ण काय घेता, हे विचारणारी ओळ पुष्कळ ठिकाणी नसतेच. विचारलंच तर "दुसरं काही औषध घेता का?" असं विचारतो, आणि तुम्ही खरेपणानं "नाही" म्हणता, कारण तुमच्या लेखी काढा हे औषधच नसतं.

म्हणून आता दाखवायचं म्हणजे काय, ते सांगते.

गाळलेला काढा मला दाखवून फारसा उपयोग नाही. तपकिरी पाण्यातून मला ज्येष्ठमध ओळखता येत नाही, आणि डॉक्टरांनाही येत नाही. त्यात जे उकळलं त्याचा सुका नमुना कागदाच्या पुडीत आणा. विकतचं असेल तर बाटली किंवा पाकीट, लेबलासकट. मळ्यातली वनस्पती असेल तर पानासकट फांदी. पुडीवर काहीच लिहिलेलं नसेल आणि विकणारा आत काय आहे ते सांगत नसेल, तर ती पूड वॉर्डात देऊ नका. सांधेदुखीच्या आणि दम्याच्या अशा बेनामी पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं अनेकदा सापडलं आहे. पण घरी ती देत होतात का, हे मात्र सांगा. स्टेरॉइड बरेच दिवस घेऊन एकाएकी बंद झालं तर रुग्ण त्यानंही कोसळू शकतो.

त्यानंतर मी तीन गोष्टी विचारीन: दिवसाला किती, किती दिवसांपासून, आणि शेवटचं कधी दिलं. तिसऱ्या प्रश्नाला "कधीच बंद केलं" असं उत्तर देऊन विषय संपवू नका. ज्येष्ठमध थांबवलं तरी पहारेकरी लगेच जागा होत नाही. त्या गृहस्थांचा काढा सहाव्या दिवशी बंद झाला. डिगॉक्सिन थांबवलं, पोटॅशियम मॉनिटर लावून शिरेतून अगदी हळू दिलं आणि पोटॅशियम राखणारी गोळी जोडली. तरी सिरपशिवाय पोटॅशियम जागेवर टिकायला आणखी दहा दिवस लागले. त्या दहा दिवसांत काढ्याची गोष्ट माहीत नसलेल्या डॉक्टरांच्या हातात केस गेली असती, तर पुन्हा तेच चक्र सुरू झालं असतं.

आणि पेल्याचं माप. आम्ही दीड लिटरचा हिशेब मिलीलिटरमध्ये ठेवत होतो आणि काढ्याचे पाचशे-सहाशे मिलीलिटर त्यात धरलेलेच नव्हते. जे तोंडात गेलं ते चार्टवर आलं पाहिजे, मग तो काढा असो, तीर्थ असो की नारळपाणी.

नारळपाण्याचं नाव घेतलं म्हणून एक सांगते. त्या गृहस्थांच्या समोरच्या कॉटवर किडनीचे रुग्ण होते. त्यांचं पोटॅशियम सहाच्या वर, म्हणजे नेमकं उलटं. त्यांचा मुलगा रोज दोन शहाळी आणायचा. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर असतं आणि थकलेल्या किडनीला ते बाहेर टाकता येत नाही. पोटॅशियम आणखी चढलं असतं तर हृदय थांबू शकलं असतं. तेच शहाळं अलीकडच्या कॉटवर, दीड लिटरच्या हिशेबात मोजून, डॉक्टरांनी कदाचित चालेल म्हटलं असतं. म्हणून "हे चालतं का" याचं उत्तर मी जिन्यात किंवा फोनवर देऊ शकत नाही, आणि शेजारच्या कॉटवर चाललं म्हणून तुमच्याकडे चालेल असंही नाही. ते उत्तर त्या दिवशीच्या त्या रुग्णाच्या रक्ताच्या कागदावर असतं, आणि तो कागद माझ्या टेबलावर असतो.

दाखवलेल्या पुष्कळ गोष्टींना "द्या" असंच उत्तर मिळतं. त्या सूनबाईंनी आठव्या दिवशी ज्येष्ठमध वगळून तुळस-सुंठीचा काढा केला आणि पुडी घेऊन टेबलाशी आल्या. डॉक्टरांनी वाचलं, पाऊण कपाला हो म्हटलं, मी तो ऐंशी मिलीलिटर म्हणून चार्टवर चढवला. मामंजींनी तो उशीवर टेकून सगळ्यांसमोर, सावकाश प्यायला.

उद्या येताना पुडी आणा. टेबलावर माझ्या डाव्या हाताला निळ्या पुठ्ठ्याची वही आहे. तिच्यात कॉट नंबर, काय आणलं, किती आणि किती दिवसांपासून एवढं लिहून घेईन. राउंड सकाळी नऊला आणि संध्याकाळी सातला असतो. डॉक्टर वही पाहतील. तोवर थर्मास टेबलावरच, झाकण लावून, तुमच्या नावाची चिठ्ठी चिकटवून ठेवीन. ओतणार नाही.

तुमची,
वॉर्डातली सिस्टर